चौकट हरवली, आकडे उरले

जुन्या मासिकातले एखादे अंककोडे कुणीतरी हौसेने टंकून पुढे पाठवतो. सूचना सगळ्या येतात, क्रमांक येतात, कंसातले आकडेही येतात. काळ्या-पांढऱ्या घरांची चौकट मात्र येत नाही, कारण ते चित्र असते आणि चित्र टंकता येत नाही. ज्याच्या हाती हा मजकूर पडतो तो बहुधा म्हणतो, ‘चौकटच नाही, मग सोडवायचे कुठे?’ आणि कागद बाजूला ठेवतो. खरे तर त्याच्या हातात चौकट आलेली असते. ती सूचनांच्या क्रमांकांत असते आणि तिथून ती पुन्हा उभी करता येते.

अंककोडे हा शब्दकोड्याचाच प्रकार आहे. तीच आडवी-उभी घरे, तेच क्रमांक, तीच काळी घरे. फरक एवढाच की प्रत्येक घरात अक्षराऐवजी ० ते ९ यांपैकी एक अंक बसतो. सूचनाही गणिताच्या असतात: वर्ग, घन, मूळ संख्या, अमक्या संख्येची दुप्पट. चौकटीशिवाय हे कसे सुटते ते पाहायला एक छोटे कोडे घेऊ. त्याच्या माथ्यावर एवढेच लिहिले आहे: चौकट पाच बाय पाच, अर्धा फेरा फिरवली तरी तशीच दिसणारी, कोणतीही संख्या शून्याने सुरू होत नाही. आणि खाली या बारा सूचना. कंसातला आकडा म्हणजे ती संख्या किती अंकी आहे ते.

आडव्या
१. घनसंख्या (३)
४. वर्गसंख्या (३)
६. वर्गसंख्या (२)
८. आठने नि:शेष भाग जाणारी संख्या (२)
९. ५ उभीच्या पटीतली संख्या (३)
११. ८ आडवीची तिप्पट (३)

उभ्या
१. उलटी वाचली तरी तीच राहणारी संख्या (५)
२. वर्गसंख्या (२)
३. प्रत्येक अंक आधीच्या अंकापेक्षा एकने मोठा (५)
५. मूळ संख्या (२)
७. वर्गसंख्या (२)
१०. २ उभीची दुप्पट (२)

नुसत्या सूचनांकडे पाहिले तर एकही संख्या पक्की होत नाही. तीन अंकी घन पाच आहेत: १२५, २१६, ३४३, ५१२ आणि ७२९. तीन अंकी वर्ग तर बावीस आहेत, १०० पासून ९६१ पर्यंत. दोन अंकी मूळ संख्या एकवीस. उलटसुलट सारख्या पाच अंकी संख्या नऊशे. म्हणजे कोणती संख्या कोणत्या संख्येला कुठे छेदते हे कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि तेच सांगणारी चौकट आपल्यापाशी नाही. म्हणून पेन्सिल घेऊन आधी आकडेमोड करायची नाही. गणिताची चौकटीची वही घ्यायची, पाच बाय पाचचा चौकोन आखायचा आणि सूचनांचा अर्थ काही काळ विसरून फक्त क्रमांक आणि कंस वाचायचे.

क्रमांक देण्याची रीत ठरलेली आहे. डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ संपवत वरून खाली जायचे. ज्या पांढऱ्या घरापासून आडवी किंवा उभी संख्या सुरू होते त्यालाच पुढचा क्रमांक द्यायचा. आडवी संख्या कुठे सुरू होते? जिथे डावीकडे काळे घर किंवा चौकटीची कड आहे आणि उजवीकडे पांढरे घर आहे तिथे. उभी कुठे? जिथे वर काळे घर किंवा कड आहे आणि खाली पांढरे. एकाच घरातून दोन्ही सुरू होत असतील तर दोन्हींना एकच क्रमांक. घर पांढरे असले पण तिथून काहीच सुरू होत नसेल, तर ते बिनक्रमांकाचे राहते.

ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कायमचीच असावी असे वाटते, पण तसे नाही. आर्थर विन यांचे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आलेले कोडे हे पहिले आधुनिक शब्दकोडे मानतात. त्याचा आकार पत्त्यातल्या चौकटसारखा होता आणि त्यात प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या अशा दोन्ही घरांना क्रमांक होते. सूचनेपुढे ‘२-३’, ‘४-५’ असे आकड्यांचे जोड लिहिलेले असत. फक्त आरंभाच्या घराला क्रमांक देण्याची सुटसुटीत पद्धत नंतर रुळली. आपल्या हातातल्या सूचनांमधून चौकट परत मिळते ती या पद्धतीमुळेच.

कारण या पद्धतीत गाळलेला क्रमांकही बोलतो. वरच्या यादीत २, ३, ५, ७ आणि १० हे क्रमांक आडव्या सूचनांत नाहीत. म्हणजे त्या घरांतून फक्त उभी संख्या निघते. उलट ४, ६, ८, ९ आणि ११ हे फक्त आडव्यांत आहेत. दोन्हीकडे आहे तो एकटा १. प्रत्येक क्रमांकाच्या घराभोवती काय असू शकते आणि काय असू शकत नाही, हे यावरून निम्मे ठरून जाते. उरलेले निम्मे कंसातले आकडे ठरवतात: संख्या तीन अंकी असेल तर तिसऱ्या घरापुढे काळे घर किंवा कड असलीच पाहिजे.

आता सुरुवात करू. पाच अंकी संख्या दोनच, १ उभी आणि ३ उभी. चौकट पाच ओळींची आहे, तेव्हा या दोन्ही संख्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत अख्खा रकाना व्यापतात. असे पूर्ण पांढरे रकाने दोन आणि दोनच. चौकट अर्धा फेरा फिरवली की पहिला रकाना पाचव्याच्या जागी जातो, दुसरा चौथ्याच्या, आणि तिसरा स्वतःच्याच जागी राहतो. चौकट फिरवूनही तशीच दिसायची असेल, तर पूर्ण रकान्यांची जोडी एक तर पहिला-पाचवा असेल किंवा दुसरा-चौथा. तिसरी शक्यता नाही.

दुसरा-चौथा धरून पाहू. १ हा क्रमांक पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घरात येईल. १ आडवी तीन अंकी, म्हणून ती दुसऱ्यापासून चौथ्या घरापर्यंत जाईल आणि दोन्ही कोपरे काळे होतील. २ उभी तिसऱ्या घरातून दोन घरे खाली उतरेल. दुसऱ्या ओळीत मग मधली तिन्ही घरे पांढरी झाली. कडेचे एखादे घर पांढरे केले तर चार किंवा पाच अंकी आडवी संख्या तयार होते, आणि यादीत तीनपेक्षा मोठी आडवी संख्या नाही. म्हणून कडा काळ्याच. ४ आडवी इथे छान बसते. इथवर सगळे सुरळीत वाटते. तिसऱ्या ओळीत मधले घर काळे, कारण २ उभी दोनच अंकी आहे. आता या ओळीतले पहिले घर पांढरे करावे तर तिथून आडवी संख्या निघते आणि तिला ५ हा क्रमांक मिळतो. पण ५ आडवी यादीत नाही. म्हणून ते काळे, आणि सममितीने पाचवेही काळे. चौथी ओळ म्हणजे दुसऱ्या ओळीचे उलटे रूप. तिच्या पहिल्याच पांढऱ्या घरातून तीन अंकी आडवी संख्या सुरू होते आणि तिलाही ५ हाच क्रमांक द्यावा लागतो. इथे हा रस्ता बंद होतो. एकाही सूचनेचा अर्थ न वाचता एक अख्खी शक्यता निकालात निघाली.

तेव्हा पूर्ण रकाने पहिला आणि पाचवा. १ डाव्या वरच्या कोपऱ्यात, ३ उजव्या वरच्या कोपऱ्यात. १ आडवी पहिली तीन घरे घेते, चौथे घर काळे. सममितीने शेवटच्या ओळीतले दुसरे घर काळे.

२ चे घर पहिल्या ओळीत १ आणि ३ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, म्हणजे दुसरे किंवा तिसरे. ज्या घरात २ नाही त्याच्याखाली काळे घर हवे, नाहीतर तिथूनही उभी संख्या निघेल आणि एक क्रमांक जास्तीचा लागेल. समजा २ दुसऱ्या घरात आहे. मग दुसऱ्या ओळीतले तिसरे घर काळे आणि पहिली दोन पांढरी. या दोन घरांची मिळून दोन अंकी आडवी संख्या होते, तिचा क्रमांक ४. पण ४ आडवी तीन अंकी आहे. जमत नाही. तर २ तिसऱ्या घरात. त्यावरून तीन घरे एकदम ठरतात: दुसऱ्या ओळीतले दुसरे घर काळे, तिसरे पांढरे, आणि तिसऱ्या ओळीतले मधोमधचे घर काळे. दुसऱ्या ओळीतले दुसरे घर काळे म्हणजे सममितीने चौथ्या ओळीतले चौथेही काळे.

आता ४ आडवी. ती तीन अंकी आहे, आणि दुसऱ्या ओळीत तिला जागा एकच: तिसऱ्यापासून पाचव्या घरापर्यंत. तिथे नसेल तर तिसऱ्या ओळीत ती मावत नाही, कारण मधले घर काळे आहे. चौथी ओळ दुसरीचेच उलटे रूप, तिथेही जागा उरत नाही. आणि पाचव्या ओळीपर्यंत ४ ला थांबवले तर ५ ते ११ हे क्रमांक कुठे मावणार? म्हणून दुसऱ्या ओळीतले चौथे घर पांढरे. राहिली तिसरी ओळ. तिचे दुसरे आणि चौथे घर एकमेकांची प्रतिबिंबे आहेत, दोन्ही काळी तरी किंवा दोन्ही पांढरी तरी. काळी असतील तर ६ आडवी आणि ८ आडवी या दोन अंकी संख्यांना साऱ्या चौकटीत जागा नाही. म्हणून पांढरी. चौकट पूर्ण झाली. वरून खाली ती अशी: पहिल्या ओळीत चौथे घर काळे, दुसरीत दुसरे, तिसरीत मधले, चौथीत चौथे, पाचवीत दुसरे. पाच काळी, वीस पांढरी.

इथे एक पायरी वगळू नये, घाईत नेमकी तीच वगळली जाते. तयार झालेल्या चौकटीत क्रमांक पुन्हा अगदी कोऱ्या नजरेने घालायचे आणि मूळ यादीशी ताडून पाहायचे. पहिल्या ओळीत १, २, ३. दुसरीत तिसऱ्या घरात ४ आणि चौथ्यात ५. या ५ च्या वर काळे घर आहे, खाली पांढरे, म्हणून तिथून उभी संख्या निघते, आणि ती दोन घरांवर थांबते. तिसऱ्या ओळीत पहिल्या घरात ६, दुसऱ्यात ७, चौथ्यात ८. चौथीत पहिल्या घरात ९ आणि तिसऱ्यात १०. पाचवीत तिसऱ्या घरात ११. बाराही सूचनांची लांबी जुळते. नवख्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते: कड हीसुद्धा काळ्या घराचेच काम करते हे विसरून पहिल्या रकान्यातल्या एखाद्या घराला क्रमांक देणे राहून जाते, किंवा चहूबाजूंनी अडलेल्या घराला उगाच क्रमांक दिला जातो. एक क्रमांक चुकला की पुढचे सगळे सरकतात, आणि मग ‘५ उभीच्या पटीतली’ यासारखी सूचना भलत्याच संख्येकडे बोट दाखवते.

आता गणित. चौकट हाती आल्यावर ते भराभर सुटते. ३ उभीचे अंक एकेकाने चढत जातात, म्हणून ती १२३४५, २३४५६, ३४५६७, ४५६७८ किंवा ५६७८९. तिचा दुसरा अंक ४ आडवीचा शेवटचा अंक आहे आणि तिसरा अंक ८ आडवीचा शेवटचा. ८ आडवीला आठने भाग जातो, तेव्हा तिचा शेवटचा अंक सम. म्हणजे ३ उभीचा तिसरा अंक सम, आणि त्याच्या आधीचा दुसरा अंक विषम. उरल्या दोन शक्यता: २३४५६ आणि ४५६७८. म्हणजे ४ आडवीचा शेवटचा अंक ३ किंवा ५. कोणताही वर्ग ३ ने संपत नाही. तेव्हा ३ उभी ४५६७८, आणि ४ आडवी ५ ने संपणारा तीन अंकी वर्ग: २२५ किंवा ६२५.

२ उभी वर्ग आहे. तिचा पहिला अंक १ आडवीचा शेवटचा आणि दुसरा अंक ४ आडवीचा पहिला, म्हणजे २ किंवा ६. वर्ग २ नेही संपत नाही. म्हणून ४ आडवी ६२५, आणि २ उभी १६ किंवा ३६. पाच घनांपैकी १ ने संपणारा एकही नाही, ३ ने संपणारा एकच, ३४३. तर १ आडवी ३४३ आणि २ उभी ३६. पुढे ५ उभी: २ ने सुरू होणारी मूळ संख्या, २३ किंवा २९. त्यामुळे ८ आडवी ३६ किंवा ९६, आणि आठने भाग जातो तो ९६ ला. ५ उभी २९.

१० उभी म्हणजे ३६ ची दुप्पट, ७२. ११ आडवी म्हणजे ९६ ची तिप्पट, २८८. या दोन संख्या पाचव्या ओळीतल्या तिसऱ्या घरात छेदतात. दोन वेगवेगळ्या वाटांनी काढलेल्या उत्तरांचा अंक तिथे एकच येतो, २. शिवाय २८८ चा शेवटचा ८ हा ४५६७८ च्या शेवटच्या घरातच पडतो. असा मेळ बसला की आखलेली चौकट बरोबर आहे याची खात्री पटते. चुकीच्या चौकटीत अशा जागी बहुधा दोन वेगळे अंक एकाच घरावर हक्क सांगतात.

उरला डावा खालचा भाग. ९ आडवीचा शेवटचा अंक ७, कारण तिथून ७२ उतरते. २९ च्या पटीतल्या तीन अंकी आणि ७ ने संपणाऱ्या संख्या तीनच: ३७७, ६६७ आणि ९५७. मधला अंक ७, ६ किंवा ५. तो ७ उभीचा शेवटचा अंक आहे आणि ७ उभी वर्ग आहे, तेव्हा ७ बाद. ५ असेल तर ७ उभी २५ होईल, तिचा २ हा ६ आडवीचा शेवटचा अंक ठरेल, आणि २ ने संपणारा वर्ग नाही. म्हणून ९ आडवी ६६७. ७ उभी १६, ३६ असू शकते. तिचा पहिला अंक ६ आडवीच्या शेवटी येतो, आणि ३ ने वर्ग संपत नाही, म्हणून १६. मग ६ आडवी १ ने संपणारा दोन अंकी वर्ग, ८१. आता १ उभी वरून वाचली तर ३, एक रिकामे घर, ८, ६, एक रिकामे घर. उलटी वाचली तरी तीच राहायची तर ३६८६३. नऊशे शक्यतांची जी सूचना आधी सर्वांत निरुपयोगी वाटत होती, तिने शेवटची दोन घरे भरली.

भरलेल्या ओळी अशा: ३४३ आणि ४, ६ आणि ६२५, ८१ आणि ९६, ६६७ आणि ७, ३ आणि २८८.

चौकटीशिवाय कोडे देणे हा अपघात न राहता शब्दकोड्यांचा एक रीतसर प्रकारही झाला, आणि त्याची कथा याच अपघातापासून सुरू होते असे सांगतात. सायमन अँड शुस्टर या प्रकाशनाने १९२४ मध्ये शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले. त्याचे संपादक तिघे: प्रॉस्पर बुरानेली, एफ. ग्रेगरी हार्ट्स्विक आणि मार्गारेट पेथरब्रिज. हे तिघे न्यूयॉर्कमध्ये जेवायला बसले असताना एका कोड्याच्या सूचना हाताशी होत्या पण आकृती नव्हती, आणि तशीच सोडवून पाहू म्हणून त्यांनी ते सोडवले, अशी ही कथा आहे. पेथरब्रिज पुढे मार्गारेट फरार या नावाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या शब्दकोड्यांच्या पहिल्या संपादक झाल्या. अमेरिकेत या प्रकाराला ‘डायग्रॅमलेस’ म्हणतात. त्यात चौकटीची लांबी-रुंदी दिलेली असते, आणि पहिला क्रमांक कोणत्या घरात हेही हवे त्याला पाहता यावे म्हणून बाजूला छापलेले असते. पहिले घर कोपऱ्यातच असेल असे नाही, आणि मोठ्या चौकटीत ते शोधण्यातच बराच वेळ जातो.

शब्दांपेक्षा अंकांत हा प्रकार एका अर्थाने कठीण असतो. शब्दकोड्यात सूचना वाचून शब्द आधीच सुचतो, त्याची अक्षरे मोजून लांबी कळते, आणि दोन शब्दांत सामाईक अक्षर दिसले की ते कुठे छेदत असतील याचा अंदाज येतो. अंककोड्यात ‘वर्गसंख्या’ एवढ्याने काही सुचत नाही. म्हणूनच कंसातली लांबी हा इथला खरा आधार आहे, आणि तिथेच छापण्यात किंवा उतरवण्यात चूक झाली तर सोडवणारा अडकतो. समजा ४ आडवीपुढे ३ ऐवजी २ पडले. मग २ उभीसाठी आपण जी जागा नाकारली, पहिल्या ओळीतले दुसरे घर, तीच आता खरी वाटू लागते: ४ आडवी दोन अंकी, बसली. पुढे मात्र ५ हा क्रमांक आडव्या संख्येला दिल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही, आणि खऱ्या फाट्यावरही तेच होते. सगळ्याच वाटा एकाच क्रमांकापाशी बंद होऊ लागल्या तर आपल्या तर्काऐवजी त्या क्रमांकाच्या लगेच आधीच्या कंसांवर संशय घ्यावा. चूक बहुधा तिथेच असते.

सममितीचा भरवसा नसला तर काम खूप वाढते. वरच्या कोड्यात वेळोवेळी अर्ध्या चौकटीने उरलेल्या अर्ध्या चौकटीचा निकाल लावला. तो आधार काढून घेतला तर प्रत्येक काळे घर स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते, आणि एकाच यादीतून एकाहून जास्त चौकटी निघू शकतात. तेव्हा त्या सगळ्या काढून, कोणत्या चौकटीत अंक खरोखर बसतात ते पाहून निवड करावी लागते. कंसातल्या लांब्याही नसतील तर त्या सूचनांतून काढाव्या लागतात. ‘दोन अंकी संख्येची दुप्पट’ दोन किंवा तीन अंकी असते, एवढे तरी कळतेच.

सुडोकूचे मात्र याच्या अगदी उलट आहे. तिथे चौकट नेहमी तीच, नऊ बाय नऊ. सगळी माहिती दिलेल्या अंकांच्या जागांत असते. सुडोकूचे चित्र हरवले आणि नुसते अंक उरले तर काहीच उरत नाही. पण ८१ घरे ओळीने वाचून, रिकाम्या जागी शून्य किंवा टिंब ठेवून एका लांबलचक ओळीत लिहिली, तर तेवढ्यावरून सुडोकू जसेच्या तसे परत मिळते. सुडोकू सोडवणारे संगणक-प्रोग्रॅम कोडे बहुधा अशाच ओळीत घेतात. अंककोड्यात रिकाम्या जागा टिपण्याची गरज पडत नाही, कारण क्रमांकच त्या टिपून ठेवतात.

सर्वांत अवघड चौकटी काळ्या घरांशिवायच्या असतात. ब्रिटनमधल्या ‘द लिसनर’ या बीबीसीच्या साप्ताहिकात १९३० मध्ये एक शब्दकोडे सुरू झाले. साप्ताहिक १९९१ मध्ये बंद पडले, पण ते कोडे ‘द टाइम्स’ने चालू ठेवले आणि आजही ते दर आठवड्याला येते. त्यातली वर्षाला चार कोडी अंकांची असतात. या मालिकेतल्या बहुतेक चौकटींत काळे घर नसतेच. संख्या कुठे संपते ते दोन घरांमधली जाड रेघ सांगते. कधी कधी तर या रेघा आणि क्रमांक दोन्ही पुसून नुसता कोरा चौकोन देतात, त्याला ‘कार्ट ब्लांश’ म्हणतात. अशा ठिकाणी वर वापरलेली एक मोठी युक्ती लंगडी पडते: काळे घर आडवी आणि उभी अशी दोन्ही वाट अडवते, जाड रेघ एकच वाट अडवते, म्हणून एका आडव्या संख्येचा शेवट कळला तरी त्यावरून उभ्यांबद्दल काही कळत नाही. त्याच्या बदल्यात एक हिशेब मिळतो. एकही घर काळे नसल्याने प्रत्येक ओळीतल्या संख्यांच्या लांब्या आणि सुटी राहिलेली घरे यांची बेरीज चौकटीच्या रुंदीइतकीच भरली पाहिजे. बारा घरांच्या ओळीत आडव्यांच्या यादीत पाठोपाठ पाच, चार आणि तीन अंकी संख्या दिसल्या, तर तीत सुटे घर उरत नाही, आणि पुढच्या क्रमांकाची आडवी संख्या खालच्या ओळीत शोधायची.